रत्नागिरीचा फ्लॅट सांभाळणाऱ्या एजंटचं काम थांबवताना

मालक मुंबईत, भाडेकरू रत्नागिरीत आणि भाडं एजंटच्या हातून. त्याला थांबवताना बहुतेक जण आधी चावी मागतात. आधी हिशोब मागावा.

१. एजंटला आणि भाडेकरूला एकाच दिवशी लेखी कळवा: अमुक महिन्यापासून भाडं थेट मालकाच्या खात्यात. नाहीतर एखादं भाडं मधेच अडकतं.

२. एजंटकडून महिनावार तक्ता घ्या आणि बँकेच्या नोंदींशी ताडून बघा. भाडं ९,००० आणि कमिशन ८ टक्के, म्हणजे ७२०. खात्यात ८,२८० यायला हवेत. जुलैत ७,०८० आले असतील तर १,२०० कशाचे? गळतीचे म्हणाला, तर प्लंबरची पावती मागा. भाडेकरूकडच्या पावत्याही बघा. डिपॉझिट कोणाकडे आहे, तेही लिहून घ्या.

३. घरपट्टी, सोसायटी आणि वीजबिलाच्या मूळ पावत्या घ्या. महावितरणकडे मोबाईल नंबर बऱ्याचदा एजंटचाच असतो. तो बदला, नाहीतर बिलाचे मेसेज त्यालाच जात राहतील.

४. मुख्य दार, सेफ्टी डोअर, टपालपेटी: चाव्या मोजून पोचपावतीवर दोघांच्या सह्या.

शेवटचं कमिशन यानंतरच द्या. कुलूप बदलायचं तर भाडेकरूला विचारून, आणि नवी चावी त्याच दिवशी त्याच्या हातात.