प्रेस शॉपमधली इंटर्नशिप: डाय चेंजचा विषय आठ आठवड्यांत बसवायचा कसा

चाकण-भोसरीकडच्या कुठल्याही प्रेस शॉपमध्ये इंटर्न म्हणून गेलात की पहिल्या दोन-तीन दिवसांत साहेब एक वाक्य टाकतात: "डाय चेंजला फार वेळ जातो, जरा बघ काय करता येतं ते." मलाही हेच सांगितलं होतं, आणि आता मीही नव्या मुलांना साधारण हेच सांगतो. हे वाक्य म्हणजे प्रोजेक्ट नव्हे. त्याचा प्रोजेक्ट करणं हे इंटर्नचं पहिलं काम, आणि ते कागदावर आल्याशिवाय स्टॉपवॉच हातात घेऊ नये असं माझं मत आहे.

आधी प्लॅनिंगकडे जा. स्वतःच्या कालावधीत कोणती डाय किती वेळा चढणार आहे, ते विचारा. हे कुणी करत नाही, आणि निम्मे प्रोजेक्ट इथेच अडकतात. महिन्यातून एकदा चालणारा जॉब निवडलात तर आठ आठवड्यांत ती डाय दोनदाच चढणार. एकदा मोजणार, एकदा ट्रायल घेणार आणि त्याच दिवशी क्रेन बंद पडली तर हातात काहीच नाही. आठवड्यातून दोन-तीनदा चढणारी डाय घ्या. आमच्याकडे 250 टनी प्रेसवर सहा डाय चालायच्या. त्यातल्या सतत बदलणाऱ्या दोनच मी घेतल्या. बाकीच्या चार 'यात नाही' म्हणून लिहून टाकल्या.

दुसरी गोष्ट वेळेच्या व्याख्येची. चेंजओव्हर म्हणजे कुठून कुठपर्यंत? ऑपरेटरच्या हिशोबात जुनी डाय सुटायला लागली की सुरू आणि नवी बसली की संपला. प्रॉडक्शनच्या साहेबांच्या हिशोबात प्रेस थांबल्यापासून माल पडेपर्यंत. रूढ व्याख्या आहे ती अशी: जुन्या जॉबच्या शेवटच्या ओके पीसपासून नव्या जॉबच्या पहिल्या ओके पीसपर्यंत. म्हणजे इन्स्पेक्टर येऊन पहिला पीस पास करेपर्यंतची वाटही त्यात आली. हे साहेबांशी आधीच बोलून घेतलं नाही तर शेवटच्या प्रेझेंटेशनमध्ये 'हा आकडा कुठून आणला' यावरच अर्धा तास जातो.

लॉगशीटवर विसंबू नका. आमच्या शीटवर सगळे चेंजओव्हर 60 किंवा 90 मिनिटांचे होते, कारण रकाने अर्ध्या-अर्ध्या तासाचे होते. प्रत्यक्ष उभं राहून मोजलेला एक चेंजओव्हर 74 मिनिटांचा निघाला. त्यातली 14 मिनिटं क्रेनची वाट, 9 मिनिटं डाय रॅकमधून शोधून आणण्यात, 11 मिनिटं जुनी काढायला, 16 मिनिटं नवी बसवून क्लॅम्प करायला, 10 मिनिटं शट हाइट जुळवायला आणि शेवटी 14 मिनिटं पहिल्या पीसच्या तपासणीची वाट. म्हणजे 74 पैकी 37 मिनिटं, बरोबर निम्मा वेळ, डायला कुणी पाना लावतच नव्हतं. हा तक्ता हाती आल्यावर प्रोजेक्टची हद्द आपोआप ठरते. क्रेन आधी सांगून ठेवणं, डाय प्रेसजवळ आणून ठेवणं, इन्स्पेक्टरला वेळेवर निरोप देणं ही कामं जुना जॉब चालू असतानाच होऊ शकतात, त्याला खर्च नाही आणि कुणाची मंजुरीही लागत नाही. याउलट शट हाइट जुळवण्याचा वेळ कायमचा घालवायचा तर सगळ्या डायची उंची सारखी करावी लागते, खाली प्लेटा बसवाव्या लागतात. त्यासाठी टूल रूम हवी, पर्चेस हवं, आणि पर्चेसची फाइल इंटर्नच्या वेळापत्रकाने हलत नाही. म्हणून ते काम 'शिफारस' या सदरात टाकायचं, वचनात नाही.

वचनाचंही तारतम्य ठेवा. शिगेओ शिंगो यांनी टोयोटात 1969 साली 1000 टनी प्रेसचा चार तासांचा बदल आधी दीड तासावर आणि नंतर तीन मिनिटांवर आणल्याची कथा प्रत्येक पुस्तकात असते. ती वाचून मुलं थेट 'दहा मिनिटांच्या आत' असं लिहून मोकळी होतात. त्या तीन मिनिटांमागे महिन्यांचं काम आणि डाय-क्लॅम्पमध्ये केलेले बदल आहेत, हे विसरलं जातं. आमच्या तक्त्यातून 50 मिनिटं हे लक्ष्य निघत होतं. क्रेन आणि डाय आणण्याची 23 मिनिटं गेली की 51 उरतात, आणि तपासणीची वाट थोडी जरी कमी झाली तरी 50 च्या आत येतो. प्रत्येक आकड्याला असा हिशोब असला की साहेब वाद घालत नाहीत.

मग साहेबांना एकच मेल, तोंडी बोलणं झाल्यावर त्याच संध्याकाळी. साधारण असा:

"सर, आज ठरलं ते असं. प्रेस एकच, 250 टनी. डाय दोन. वेळ म्हणजे शेवटचा ओके पीस ते पहिला ओके पीस. शेवटी देणार: प्रत्येक डायचं एक पानी सेटिंग कार्ड, ट्रॉलीवर ठेवायच्या हत्यारांची यादी, आणि आधी-नंतरच्या वेळांचा तक्ता. मी मध्ये न पडता सेटरनी लागोपाठ तीन चेंजओव्हर 50 मिनिटांच्या आत केले की काम पूर्ण धरायचं. डायमध्ये बदल, नवीन खरेदी यात नाही. काही बदल असल्यास कळवावं."

यातलं 'मी मध्ये न पडता' सगळ्यात महत्त्वाचं. इंटर्न स्वतः धावपळ करून क्रेनवाल्याला बोलावतो तेव्हा वेळ कमी होणारच. तो गेल्यावर आठवड्याभरात गाडी मूळ पदावर.

टप्पे मी तारखांपेक्षा साहेबांच्या होकारावर बांधायला सांगतो. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी आधीच्या वेळा साहेबांना आणि सेटरला, दोघांनाही मान्य झाल्या पाहिजेत. चौथ्याच्या शेवटी कोणती कामं प्रेस चालू असताना करायची, हे ठरून कार्डाचा कच्चा मसुदा तयार. सहाव्यापर्यंत ट्रायल. सातवा हस्तांतराचा, आठवा कॉलेजच्या रिपोर्टचा आणि राहून गेलेल्या गोष्टींचा. महिनाअखेर कुठे येते ते कॅलेंडरवर पाहा. डिस्पॅचच्या घाईत तुमच्या ट्रायलसाठी प्रेस कुणी देणार नाही.

सेटरमामांची संमती हाही टप्पाच आहे, कुठल्या चार्टमध्ये दिसत नसला तरी. घड्याळ लावून उभा राहिलेला पोरगा म्हणजे ओव्हरटाइम कापायला आला, असंच आधी वाटतं. व्हिडिओ घ्यायचा असेल तर साहेबांची परवानगी घ्याच, पण मामांनाही विचारा आणि पहिला व्हिडिओ त्यांनाच दाखवा. आमचे मामा तो पाहून म्हणाले, "अरे, मी पान्यासाठी चार वेळा टूलक्रिबला गेलो की!" ट्रॉलीची यादी मग त्यांनीच सांगितली. त्यातला बोल्टच्या लांबीचा बारकावा मला सुचलाच नसता.

मधेच साहेब म्हणणार, "जाता जाता शेजारच्या प्रेसचंही बघून घे." सरळ नाही म्हणायची गरज नाही. "घेतो सर, पण मग कार्ड एकाच डायचं होईल. चालेल का?" असं विचारा. बहुतेक वेळा ते स्वतःच म्हणतात, राहू दे. हो म्हणाले तर जुन्या मेलवरच नवा बदल लिहून पाठवा.

कार्डावर शट हाइटचं रीडिंग, क्लॅम्पच्या जागा, कुशनचं प्रेशर आणि कामांचा क्रम, एवढंच हवं. दोन पानी कार्ड प्रेसवर कुणी वाचत नाही. लॅमिनेट करून, प्रेसच्या खांबाला लावून, खाली फोरमनची सही घ्या, कारण तुमच्या माघारी रीडिंग बदललं तर कार्ड दुरुस्त करायची जबाबदारी त्यांची. डायच्या उंचीच्या मोजणीची फाइल टूल रूमला द्या आणि एक प्रत साहेबांकडे ठेवा. पुढच्या इंटर्नला प्लेटांचं काम तिथूनच उचलता येईल.