महिना झाला तरी जुलाब थांबेनात? जिआर्डियात होणाऱ्या या चुका टाळा

दाजींचा फोन आला आणि पहिलंच वाक्य असं, "अरे, तीनदा फ्लश ओढला तरी जात नाही, वरच तरंगतंय, हे काय असतंय?" मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो म्हणून घरचे सगळे असले प्रश्न मलाच विचारतात, जेवायला बसल्यावर पण विचारतात, त्याची आता सवय झालीय. पण यावेळी मी हातातला घास खाली ठेवला. कारण पुढे ते म्हणाले की वास असा येतोय की बाथरूममध्ये दुसरं कोणी जायला तयार नाही, ढेकर दिला की सडक्या अंड्याचा वास येतोय, पोट दिवसभर गुरगुरतंय, आणि वजन 71 वरून 64 वर आलंय. ताप नाही, रक्त नाही. आणि हे सगळं सात आठवडे चाललंय.

कोल्हापुरातल्या 2021 च्या पुरानंतरची गोष्ट. पंचगंगेनं 43 फुटांची धोका पातळी कधीच ओलांडली होती आणि दाजींच्या गल्लीत कमरेएवढं पाणी, म्हणजे जमिनीखालची टाकी पूर्ण बुडालेली. पाणी उतरल्यावर त्यांनी पंप लावून टाकी उपसली, दोन मुठी ब्लीचिंग पावडर टाकली आणि नळाचं पाणी भरून वापरायला सुरुवात केली. साधारण दहा-बारा दिवसांनी पोट बिघडलं. जिआर्डिया म्हणजे घाण पाण्यातून पोटात जाणारा परजीवी, तो गेल्यापासून त्रास सुरू व्हायला बहुतेक वेळा एक ते दोन आठवडे लागतात, त्यामुळं लोकांना पाणी आठवतच नाही, काल खाल्लेली मिसळ आठवते. दाजींनीही महिनाभर मिसळीला शिव्या घातल्या.

बांधणाऱ्या गोळ्या आणि अर्धवट कोर्स

सगळ्यात पहिली चूक हीच. मेडिकलमधून जुलाब बांधायची गोळी आणली, दोन दिवस बरं वाटलं, परत चालू. मग शेजाऱ्यानं सांगितलं म्हणून ती दोन औषधं एकत्र असलेली गोळी, ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोलची, दोन-तीन घेतल्या आणि बरं वाटलं म्हणून बंद केल्या. आता गंमत बघा, यातलं ऑफ्लॉक्सासिन जिआर्डियावर काम करत नाही, तो बॅक्टेरिया नाही, एकपेशीय परजीवी आहे. ऑर्निडाझोल काम करतं, पण दोन-तीन गोळ्यांत सगळे मरतीलच असं नाही. झालं काय, तर परजीवी कमी झाले, संपले नाहीत, आणि पुढच्या तपासणीत सापडायला अजून अवघड झाले.

वजन उतरलं म्हणून तूप वाढवलं

ही चूक आपल्याकडे प्रेमानं केली जाते. अक्का रोज भातावर दोन चमचे तूप जास्त वाढत होती, रविवारी मटणाचा तांबडा-पांढरा, आणि सोमवारी दाजी दिवसभर बाथरूममध्ये. जेवण वाढवलं तसं वजन अजून उतरत गेलं, हे त्यांना कळेना.

होतं असं की हा परजीवी लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात राहतो, दिसायला सोललेल्या नासपतीसारखा, आणि त्याच्या पोटाच्या बाजूला एक चकती असते तिनं तो आतड्याला चिकटून बसतो. आत घुसत नाही, पोखरत नाही, म्हणूनच रक्त पडत नाही आणि ताप सहसा येत नाही. पण आतड्याची आतली बाजू असते टर्किश टॉवेलसारखी, बारीक बारीक लव असते तिला, आणि अन्न टिपून घ्यायचं काम त्या लवेचं. हा चिकटला की ती लव आखूड होते. झिजलेला टॉवेल पाणी टिपत नाही तसं आतडं अन्न टिपत नाही, आणि सगळ्यात आधी फॅटचा बट्ट्याबोळ होतो, कारण फॅट पचवून आत घ्यायला पित्त, एन्झाइम आणि धडधाकट लव, तिन्ही लागतं. न टिपलेलं तूप सरळ खाली जातं, म्हणून संडास फिकट, चिकट, तरंगणारा आणि घाण वासाचा. ए, डी, ई, के ही व्हिटॅमिनं फॅटसोबतच आत जातात, त्यामुळं लांबलं तर ती पण कमी पडायला लागतात. लहान पोरांत तर जुलाब फारसे नसतात आणि तरीही पोर वाढत नाही, असंही दिसतं.

मी दाजींच्या सॅम्पलचा एक ठिपका सुदान थ्री नावाच्या रंगात घेऊन मायक्रोस्कोपखाली बघितला. नॉर्मल माणसात चार-दोन बारीक थेंब दिसतात. इथं अख्खं फील्ड केशरी-लाल थेंबांनी भरलेलं, अगदी कटाच्या वरच्या तर्रीसारखं. अक्कानं घातलेलं तूप सगळं तिथं होतं! औषध सुरू होऊन पोट जागेवर येईपर्यंत तूप, तळण, मटणाची चरबी कमी करायची, भात, मूगडाळ, उकडलेला बटाटा, केळं यावर राहायचं, एवढंच.

एकच सॅम्पल, आणि तोही शिळा

दाजींनी आधी एका ठिकाणी संडासची तपासणी केली होती, रिपोर्ट नॉर्मल, आणि त्या कागदामुळं तीन आठवडे वाया गेले. लॅबवाला म्हणून सांगतो, जिआर्डिया रोज सारखा बाहेर पडत नाही. एक दिवस भरपूर, मग दोन-तीन दिवस काहीच नाही. एका सॅम्पलमध्ये बऱ्याच केसेस सुटतात, म्हणून एक दिवस आड करून तीन सॅम्पल द्यायचे असतात. तिसऱ्यापर्यंत बहुतेक सापडतात.

दुसरी गोष्ट वेळ. पातळ जुलाबात जिवंत हलणारा परजीवी दिसू शकतो, झाडावरून पान गिरक्या घेत खाली यावं तसा तो हलतो, एकदा बघितला की विसरत नाही माणूस. पण बाहेर आल्यावर तो लवकर मरतो, त्यामुळं पातळ सॅम्पल अर्ध्या तासात लॅबला पोचला पाहिजे. सकाळी सहाचा डबा कपाटावर ठेवून दुपारी आणून दिला तर आम्ही काय बघणार. सिस्ट, म्हणजे कवचातला परजीवी, मात्र टिकतो, आयोडीनमध्ये अंडाकृती आणि आत चार केंद्रकं दिसतात. दाजींच्या पहिल्या सॅम्पलमध्ये काही नाही, दुसऱ्यात दोन सिस्ट दिसल्या. तिसरा मग घेतलाच नाही. तिन्ही निगेटिव्ह आले आणि शंका राहिलीच तर अँटिजेनची टेस्ट मिळते, ती जास्त पकडते.

आणि हो, तरंगणारा संडास आणि उतरलेलं वजन म्हणजे जिआर्डियाच असं समजून बसू नका. आतड्याचा टीबी, गव्हाची सिलिॲक, स्वादुपिंडाचा आजार यातही असंच होतं. रक्त पडत असेल किंवा ताप येत असेल तर विचार दुसरीकडं न्यायला पाहिजे.

औषध लागू पडलं, मग परत जुलाब?

डॉक्टरांनी टिनिडाझोल दिलं, 500 च्या चार गोळ्या, म्हणजे 2 ग्रॅम, जेवणानंतर एकदाच. मोठ्या माणसाला साधारण हाच डोस असतो, पण लहान पोरांना वजनावर आणि गरोदर बाईला वेगळा विचार, त्यामुळं हे वाचून कुणी स्वतः घेऊ नका. सोबत दारू पूर्ण बंद, नाहीतर उलट्या, छातीत धडधड.

आठवडाभरात संडास बुडायला लागला, म्हणजे लागू पडलं. आणि दाजी काय केले, तर तब्येत सुधारायची म्हणून रोज संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर. समोर पिळलेलं म्हशीचं दूध, फेसासकट, मोठा ग्लास. दहाव्या दिवशी परत फोन, "तुझं औषध फेल गेलं."

मी विचारलं, वास तसाच आहे का? नाही. तरंगतंय का? नाही, पाण्यासारखं आहे. कधी होतंय? कट्ट्यावरून घरी आलो की तासाभरात, पोट फुगून. इथंच फरक कळतो. त्या झिजलेल्या लवेच्या टोकावरच दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज तयार होतं, परजीवी मेला तरी लव परत वाढायला काही आठवडे लागतात, तोपर्यंत दूध प्यायलं की साखर न पचता खाली जाते आणि पाणी-गॅस होतो. अशा वेळी परत टिनिडाझोल मारणं म्हणजे नळ गळतोय म्हणून छप्पर दुरुस्त करणं. सॅम्पल परत तपासले, सिस्ट नाही, फॅट नाही. मग महिनाभर दूध, चहातलं दूध, पेढे, बासुंदी बंद. ताक आणि घट्ट दही चाललं, कारण विरजणात दुधातली साखर थोडी कमी होते.

पण वास, चिकटपणा आणि वजन उतरणं परत आलं असतं तर मी पाण्याकडंच बोट दाखवलं असतं.

पाण्याचा घोळ

इथं लोक सगळ्यात जास्त गंडतात, कारण क्लोरीन टाकलं म्हणजे झालं असं वाटतं. नळाच्या पाण्यात शेवटच्या टोकाला लिटरमागे साधारण 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं लागतं, तेवढ्यानं कॉलऱ्याचे, जुलाबाचे बॅक्टेरिया मरतात. जिआर्डियाची सिस्ट कवचात असते, एवढ्या क्लोरीनमध्ये ती कित्येक तास तग धरते, पाणी गढूळ आणि गार असेल तर अजून जास्त. गार पाण्यात ती आठवडेच्या आठवडे जगते, आणि दहा सिस्ट पोटात गेल्या तरी आजार होऊ शकतो. हे फक्त आपल्याकडंच होतं असं नाही, नॉर्वेत बर्गन शहरात 2004 साली सांडपाणी पिण्याच्या पाण्याच्या साठ्यात मिसळलं आणि हजारभरावर लोकांच्या तपासणीत जिआर्डिया निघाला, तिथलं पाणी क्लोरीन घातलेलंच होतं.

फडक्यानं गाळून उपयोग नाही, सिस्ट मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी असते. तुरटीनं गाळ बसतो, सिस्ट मरत नाही. खात्रीचं म्हणजे उकळणं, बुडबुडे नुसते कडेला यायला लागले की गॅस बंद करायचा नाही, पाणी खदखदायला लागलं की एक मिनिट तसंच ठेवायचं. मेंटेन केलेला आरओ पण चालतो.

दाजींकडं आरओ होताच! प्यायला आरओचं पाणी, पण दात घासायला, कोथिंबीर आणि मिसळीवरचा कांदा धुवायला, बर्फ करायला टाकीचंच. आजार व्हायला एवढं पुरेसं आहे.

म्हणून टाकी परत उपसली, तळाचा चिखल खराट्यानं घासून काढला, कारण नुसत्या पंपानं बोटभर गाळ खालीच राहिला होता. मग झाकण उघडं ठेवून दोन दिवस कडकडीत वाळवली, सिस्टला कोरडेपणा सोसत नाही, पावडरीपेक्षा हे कामाचं. तेवढे दिवस कॅन आणले. झाकणाला रबर बसवलं, आणि शेजारून जाणाऱ्या ड्रेनेजचा जॉइंट फुटलेला सापडला तो बदलून घेतला. अक्काला मी सांगितलं की सगळ्यांचे सॅम्पल दे, आणि चार वर्षांच्या भाच्याच्या सॅम्पलमध्ये सिस्ट निघाल्या. त्याला काहीच त्रास नव्हता, फक्त पॅन्टचा नंबर वर्षभर बदलला नव्हता. त्याला डॉक्टरांनी औषध दिलं, आणि त्याला धुतल्यावर हात साबणानं धुवायला अक्काला सांगितलं, सॅनिटायझरनं सिस्ट मरत नाही म्हणून.

पाचव्या आठवड्यात दाजी कट्ट्यावर गेले, मी सोबत होतो. अर्धा ग्लास घेतला, तासभर रंकाळ्यावर माझ्यासोबत बसून वाट बघितली. काही झालं नाही. वजन तेव्हा 67 होतं.