क्लासची वेळ चौथ्यांदा बदलताना या चुका टाळा

इंदूरच्या रामबाग भागात मी अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवते. काही मुले बॅचमध्ये येतात, तर काहींना आठवड्यातून दोनदा एकट्याने शिकवावे लागते, आणि वेळ बदलण्याचे बहुतेक निरोप या दुसऱ्या प्रकारच्या मुलांच्या घरून येतात. पहिल्या बदलाच्या निरोपात सहसा काही बिघडत नाही. तिसऱ्या-चौथ्या बदलाच्या वेळी मात्र पालक संकोचाने इतके अवघडून लिहितात, की नेमका वर्ग कोणता आणि तो केव्हा हवा आहे हेच निरोपातून निसटते आणि मग एका बदलासाठी आठ-दहा निरोपांची देवघेव करावी लागते. २०२५ च्या गणपतीतले एक उदाहरण मी इथे सविस्तर घेते, कारण नेहमीच्या जवळजवळ सर्व चुका त्यात एकत्र आल्या होत्या.

मुलगा बारावीचा, राहणारा लोकमान्यनगरचा. त्याची वेळ मंगळवारी आणि शनिवारी सायंकाळी साडेपाच ते साडेसहा अशी ठरलेली होती. त्याआधी सव्वापाचपर्यंत माझी एक बॅच असते आणि पावणेसातला दुसरी सुरू होते. शनिवार, २३ ऑगस्टचा वर्ग त्याच्या तापामुळे सोमवार, २५ ऑगस्टला गेला. सोमवारी पावणेपाच वाजता निरोप आला की आजही जमणार नाही, म्हणून तो वर्ग गुरुवार, २८ ऑगस्टला झाला. मंगळवार, २ सप्टेंबरला त्यांच्याकडे गौरींचे विसर्जन होते, तेव्हा तो वर्ग बुधवारी, ३ तारखेला घेतला. त्यानंतर गुरुवारी रात्री अकरा वाजून चाळीस मिनिटांनी त्याच्या आईचा निरोप आला: ‘मॅडम, परवाचा क्लास जरा पुढे घेता येईल का? खूपच धावपळ चालली आहे, प्लीज समजून घ्या. तुम्हाला केव्हा जमेल ते सांगा. खूप खूप सॉरी.’

या निरोपात नम्रतेची काहीच उणीव नाही. अडचण पहिल्याच शब्दापासून सुरू होते. मराठीत ‘परवा’ हा शब्द मागे गेलेल्या दिवसालाही लागतो आणि पुढे येणाऱ्या दिवसालाही. निरोप गुरुवारी रात्री लिहिला, म्हणून लिहिणाऱ्याच्या मनातला परवा म्हणजे शनिवार होता. मी तो शुक्रवारी सकाळी सहा वाजता वाचला, तेव्हा माझ्या दृष्टीने पुढचा परवा रविवार होता आणि मागचा परवा बुधवार, ज्या दिवशी त्याचा बदललेला वर्ग प्रत्यक्ष झालेला होता. इंदुरी घरांत निम्मे बोलणे हिंदीतून होत असल्यामुळे ‘कल’ आणि ‘परसों’ यांचा घोळही त्यात मिसळतो, कारण तेही दोन्ही दिशांना चालतात. ‘उद्या’ हा शब्द त्यामानाने सरळ असला तरी रात्री उशिरा लिहिलेला ‘उद्या’ सकाळी वाचणाऱ्याला एक दिवस पुढे नेतो. ‘पुढच्या शनिवारी’ या शब्दांचा अर्थ कोणी येता शनिवार असा घेतो, तर कोणी त्यानंतरचा. वर्ग एकदाच बदलायचा असेल तर असा घोळ एका प्रतिप्रश्नाने सुटतो. परंतु त्याच पंधरवड्यात तीन वर्ग आधीच हललेले असतील, तर शिक्षकाला जुने निरोप उलगडून पाहावे लागतात. त्यामुळे दुसऱ्या बदलापासून वार, तारीख आणि वेळ ही तिन्ही लिहावीत. वार आणि तारीख एकमेकांना पडताळून पाहतात. तारीख चुकली तर वारावरून लगेच लक्षात येते.

‘जरा पुढे’ याने दुसरी संदिग्धता निर्माण होते. त्याच दिवशी अर्धा तास उशिरा, की दुसऱ्या दिवशी, की पुढच्या आठवड्यात, हे त्यातून कळत नाही. मी अर्धा तास समजले असते तर सहाला सुरू केलेला वर्ग सातपर्यंत चालला असता आणि पावणेसातची बॅच दारात उभी राहिली असती.

तिसरी चूक अशी, की ती सौजन्यासारखी दिसते, म्हणून सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ‘तुम्हाला केव्हा जमेल ते सांगा’ असे लिहिताना पालकांना वाटते की आपण निर्णय आदराने शिक्षकांवर सोपवत आहोत. प्रत्यक्षात वेळापत्रक उघडून रिकामी जागा शोधण्याचे आणि ती त्यांना सोयीची आहे का हे पुन्हा विचारण्याचे काम शिक्षकाकडे जाते, आणि या पंधरवड्यात ते चौथ्यांदा गेलेले असते. याउलट ‘रविवारी सकाळी आठला घ्या’ असे एकच बोट दाखवणेही बरोबर नाही, कारण त्यावर फक्त हो किंवा नाही म्हणता येते, आणि नाही म्हटले की चर्चा पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. दोन पर्याय द्यावेत. ते कुठून आणायचे हा प्रश्न अनेक पालक विचारतात. त्याचे उत्तर बहुधा जुन्या निरोपांतच असते: याच शिक्षकांनी यापूर्वी कोणत्या दिवशी आणि कोणत्या वेळी बदली वर्ग दिला होता ते पाहावे. या मुलाला मी एकदा सोमवारची आणि एकदा गुरुवारची साडेपाचची वेळ दिलेली होती. म्हणजे त्या दोन जागा बहुधा रिकाम्या असतात, हे त्याच्या घरी न विचारताही कळण्यासारखे होते.

कारणाविषयी थोडे अधिक सांगायला हवे. ‘धावपळ’ हे कारण शिक्षकाच्या काही उपयोगाचे नाही, कारण ती किती दिवस चालणार हे त्यावरून कळत नाही. खरे कारण मला फोनवर कळले: ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. त्या सायंकाळी इंदूरमध्ये गिरण्यांच्या झांक्यांचा, म्हणजे सजवलेल्या चित्ररथांचा, चल समारोह निघतो, तो रात्रभर चालतो, राजवाड्याच्या आजूबाजूचे रस्ते वाहनांना बंद होतात, आणि मुलाला रात्री परत नेणे त्यांना शक्य नव्हते. हे एका वाक्यात सांगता येण्याजोगे कारण आहे आणि त्यावर कोणताही इंदूरकर शिक्षक दुसरा प्रश्न विचारणार नाही. मात्र ते २ सप्टेंबरला, गौरी विसर्जनाचा निरोप लिहितानाही ठाऊक होते. तेव्हाच भिंतीवरचे पंचांग पाहून मंगळवार आणि शनिवार दोन्हींविषयी एकत्र विचारले असते, तर दोन बदलांचे काम एका निरोपात झाले असते. बदल वारंवार होऊ लागले की पुढचे दोन आठवडे तपासूनच लिहावे, ही एवढी एक सवय माझ्या मते इतर सगळ्या शब्दयोजनेपेक्षा अधिक मोलाची आहे. आजारपणासारखे कारण असेल तर ‘तब्येत ठीक नाही’ इतके पुरे. तापाचे आकडे आणि डॉक्टरांचे म्हणणे लिहिले की शिक्षकाला आधी त्याचीच चौकशी करावी लागते.

क्षमा एकदाच मागावी, आणि ती मागताना आधीच्या बदलांचा उल्लेख टाळू नये. ‘खूप खूप सॉरी’ यात किती बदल झाले हे आपल्याला ठाऊक आहे असे दिसत नाही. ‘हा आमच्याकडून चौथा बदल आहे’ यात ते दिसते, आणि शिक्षकाला ते स्वतः बोलून दाखवावे लागत नाही. वरचा निरोप मी असा लिहिला असता:

‘नमस्कार मॅडम. शनिवार, ६ सप्टेंबरच्या सायंकाळी ५.३० च्या वर्गाला झांक्यांमुळे रस्ते बंद असल्याने मुलाला येता येणार नाही. दोन आठवड्यांतला हा आमच्याकडून चौथा बदल आहे, त्याबद्दल क्षमस्व. सोमवार, ८ सप्टेंबर किंवा गुरुवार, ११ सप्टेंबर, सायंकाळी ५.३०, यांपैकी एखादी वेळ आपल्याला सोयीची असल्यास कृपया कळवावे. दोन्ही सोयीच्या नसतील तर हा वर्ग सोडून तो मंगळवार, ९ तारखेला नेहमीप्रमाणे येईल.’

शेवटचे वाक्य सर्वांत जास्त वेळा राहून जाते. त्यामुळे शिक्षकाला संकोच न करता नकार देता येतो, आणि उत्तर आले नाही तरी पुढे काय होणार हे दोघांनाही ठाऊक राहते. फीचा विषय या निरोपात आणू नये, कारण मग वेळेचे उत्तर हिशेबात अडकते. अपवाद त्याच दिवशी रद्द केलेल्या वर्गाचा. २५ ऑगस्टसारख्या वर्गाची फी धरावी असे पालकांनी वेगळ्या निरोपात आपणहून म्हणावे, असे मला वाटते, कारण ती वेळ दुसऱ्या कोणाला देता आलेली नसते.

निरोप गेल्यावरही दोन ठिकाणी घोळ होतो. निळ्या खुणा दिसल्या म्हणजे होकार मिळाला, असे धरून मुलाला पाठवू नये. शिक्षकाने तो दोन बॅचच्या मधल्या पंधरा मिनिटांत नुसता वाचलेला असू शकतो. दिवसभरात उत्तर आले नाही तर वर्ग चालू नसतील अशा वेळी एकदा फोन करावा. रेकॉर्ड केलेला आवाजी निरोप मात्र पाठवू नये, कारण तो मुलांसमोर ऐकता येत नाही आणि नंतर त्यातली तारीख शोधता येत नाही. दुसरा घोळ ‘ठीक आहे’ या उत्तराचा. दोन पर्याय दिले असताना ते कोणत्या पर्यायाला आहे, हे तिथेच विचारून घ्यावे आणि ठरल्यावर ‘सोमवार, ८ सप्टेंबर, सायंकाळी ५.३०, मुलगा येईल’ अशी एक ओळ लिहावी. ही ओळ आणि आधीचा निरोप एकाच व्यक्तीने लिहावा. त्या वेळी आईशी माझे सोमवारचे ठरत असताना मुलाने स्वतंत्रपणे गुरुवार विचारला होता आणि मी त्यालाही हो म्हटले होते. सोमवारी मी वाट पाहत राहिले.

एवढे सांभाळूनही महिन्याभरात पाचवा बदल करावा लागला, तर प्रश्न त्या एका वर्गाचा राहिलेला नाही, वेळच चुकीची ठरलेली आहे. अशा वेळी आणखी एक बदली वर्ग न मागता कायमची वेळ बदलून मागावी. या घरी शनिवारी सायंकाळी काही ना काही निघतच असे. ते लक्षात आल्यावर आईने सप्टेंबरच्या अखेरीस लिहिले: ‘१ ऑक्टोबरपासून शनिवारऐवजी गुरुवार सायंकाळी ५.३० ही वेळ कायमची मिळू शकेल का? मिळण्यासारखी नसेल तर शनिवारच चालू ठेवू.’ गुरुवारची जागा रिकामी होती, त्यामुळे मी त्याच दुपारी होकार कळवला.