स्टोक्सच्या प्रयोगात एरंडेलाची व्हिस्कॉसिटी जास्त का येते? या चुका टाळा

आकडेमोड दोनदा तपासली, तरी उत्तर पुस्तकातल्यापेक्षा दहा-पंधरा टक्क्यांनी जास्तच येतं. अशा वेळी स्टॉपवॉचला दोष देण्याआधी जारची रुंदी पाहा.

समजा, 3 मिमी व्यासाची पोलादी गोळी एरंडेलात 20 सेंमी अंतर 4.4 सेकंदांत कापते, म्हणजे वेग सेकंदाला 4.55 सेंमी. पोलादाची घनता 7800, तेलाची 960 धरून η = 2r²(ρ−σ)g/9v या सूत्रात घातलं की उत्तर येतं 0.74 पास्कल-सेकंद. पण हे सूत्र अथांग पसरलेल्या तेलासाठी आहे. जार अरुंद असला की गोळीने बाजूला सारलेलं तेल भिंतीलगतच्या चिंचोळ्या जागेतून वर येतं, गोळी रेंगाळते आणि तेल उगाच जास्त दाट वाटतं. जारचा आतला व्यास 5 सेंमी असेल तर मोजलेल्या वेगाला (1 + 2.4 r/R), म्हणजे 1.144 ने गुणा. उत्तर 0.64 वर येतं. यातली R ही जारची आतली त्रिज्या. बाहेरून पट्टी लावून काचेची जाडी त्यात धरू नका. गोळी भिंतीला चिकटून पडली तर ही दुरुस्तीही लागू पडत नाही, ते वाचन सोडून द्या.

तापमान न लिहिता पुस्तकाशी तुलना करणं तर निरर्थकच. एरंडेल 20 अंशांना साधारण 0.99 आणि 30 अंशांना 0.45 दाखवतं. खोलीचं नव्हे, तेलात थर्मामीटर बुडवून तेलाचं तापमान घ्या.

स्क्रू गेजची शून्य त्रुटीही नडते. सूत्रात r चा वर्ग असल्यामुळे व्यासात 2 टक्के चूक झाली की उत्तरात 4 टक्के होते. आणि उत्तर नेमकं चौपट आलं, तर r च्या जागी व्यास घातलाय, दुसरं काही नाही.

टर्मिनल वेग आला की नाही, याची शंका बरेच जण घेतात. एरंडेलात ही गोळी काही मिलिमीटरमध्येच तो गाठते. खात्रीसाठी 10-10 सेंमीचे दोन टप्पे वेगळे मोजा. खालच्या टप्प्याला वेळ कमी लागला तर वरची खूण आणखी खाली घ्या. तसं नसून वेळा वाचनागणिक बदलत असतील, तर गोळीला चिकटलेले हवेचे बुडबुडे बघा. सोडण्याआधी गोळी त्याच तेलात बुडवून घेतली की ते जातात.

एरंडेल महाग म्हणून शेंगदाणा तेल वापरू नका. ते साधारण दहापट पातळ. त्यात हीच गोळी 20 सेंमी सेकंदाच्या आतच पार करते, आणि इतक्या वेगाला स्टोक्सचं सूत्रच चालत नाही. उत्तर जवळजवळ दुप्पट येतं. तेच तेल वापरायचं असेल, तर गोळी एक मिलिमीटरहून बरीच लहान लागेल.

तळाच्या गोळ्या काढायला जार उपडा करू नका, तेलात हवा मिसळते. बाहेरून लोहचुंबक लावून त्या काचेवरून सावकाश वर ओढा.