तिळाचा फोटो कसा काढावा आणि त्यावर कुठवर विसंबावं

लालबागच्या एका मुलाने मला फोनवर फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘डॉक्टर, आईच्या तळपायाला तीळ आहे. पट्टी लावून मोजला, साडेपाच मिलिमीटर भरतो. सहाच्या आत आहे, म्हणजे काळजी नाही ना?’

सहा मिलिमीटरची ही खूण खरी आहे. शिसपेन्सिलीच्या मागच्या खोडरबराची रुंदी साधारण एवढी असते, आणि त्याहून मोठ्या तिळाकडे आम्ही जास्त बारकाईने पाहतो. मेलानोमा म्हणजे रंगपेशींचा कर्करोग. तो लक्षात येतो तेव्हा बहुतेकदा याहून मोठा झालेला असतो. प्रश्न त्या साडेपाचचा होता.

फोटोत कंपासपेटीतली प्लॅस्टिकची पट्टी टाचेवर आणि चवड्यावर टेकलेली होती. तीळ होता मधल्या खळगीत. म्हणजे पट्टी पुलासारखी वर आणि तीळ तिच्याखाली दीड सेंटिमीटर खोल. फोन पट्टीपासून जेमतेम १० सेंटिमीटरवर धरलेला, म्हणजे तिळापासून साडेअकरा. जवळची वस्तू मोठी दिसते, लांबची लहान, म्हणून त्या पट्टीवर तीळ खऱ्यापेक्षा लहान भरला. साडेपाचला १.१५ ने गुणलं की ६.३ येतात. नुसत्या पट्टीच्या जागेने तीळ सहाच्या अलीकडे येऊन बसला होता.

म्हणून मोजायचं असेल तर कडक पट्टी नको. शिंप्याच्या टेपचा तुकडा घ्या, किंवा आलेखाच्या कागदाची बोटभर पट्टी कापा, आणि ती तिळाला अगदी खेटून त्वचेवर बसवा, जशी त्वचा वळेल तशी. रुपयाचं नाणं शेजारी ठेवायची पद्धत मी सोडून द्यायला सांगते. चलनात एक रुपयाचीच वेगवेगळ्या आकारांची नाणी आहेत, आणि फोटो पाहणाऱ्याला तुमचं कोणतं ते कळत नाही. फोन २० ते २५ सेंटिमीटरवर, त्वचेला समांतर धरा आणि तिथून दुप्पट झूम करा. फार जवळ नेलात की बरेच फोन आपोआप रुंद भिंगावर जातात आणि कडेच्या वस्तू ताणल्यासारख्या दिसतात. मोजताना सगळ्यात लांब आडवं अंतर घ्या, सोयीचं नव्हे.

कड पाहण्याआधी फोटो नीट आलाय का ते तपासा. त्याची एक सोपी परीक्षा आहे. फोटो मोठा करा आणि तिळाच्या शेजारची त्वचा पाहा. तिच्यावरच्या बारीक रेघा किंवा लव स्वच्छ दिसते का? दिसत असेल आणि तरी तिळाची एखादी बाजू पुसट असेल, तर ती खरोखर पुसट आहे. रेघाच दिसत नसतील तर फोटो हलला आहे, त्याच्या कडेबद्दल काहीच म्हणता येणार नाही. उलटाही धोका आहे. फोनचे सौंदर्य फिल्टर त्वचा गुळगुळीत करतात, आणि काही फोन कडा स्वतःच धारदार करतात. फिल्टर बंद ठेवा. फोटो पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा न पाठवता डॉक्युमेंट म्हणून जोडा, नाहीतर बारकावे वाटेतच गळतात. कड पाहताना तिळाच्या मधोमध मनात एक रेघ मारा: दोन्ही अर्धे साधारण सारखे आहेत, की एका बाजूला खाचा, नागमोडी वळणं किंवा बाहेर सांडल्यासारखा रंग आहे?

रंगाची फसगत सर्वांत जास्त होते. पिवळ्या बल्बखाली सगळंच तपकिरी, ट्यूबलाइटखाली सगळं हिरवट. दिवसा खिडकीपाशी बसा, थेट उन्हात नको. पावसाळ्यातल्या ढगाळ दुपारचा उजेड यासाठी फार चांगला. फ्लॅश नको. मुंबईच्या दमट हवेत घामाची चकाकी तिळावर पांढरा डाग होऊन बसते, त्यामुळे आधी हलकेच पुसून घ्या. लग्नसराईत तळपायाला मेंदी असेल तर ती उतरेपर्यंत फोटोतल्या रंगाला अर्थ नाही. (तपासणीसाठी मात्र मेंदी उतरायची वाट पाहू नका.) शेजारी साध्या पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवा. फोटोत तोच पिवळा किंवा निळा दिसला तर तिळाचा रंगही तेवढाच खोटा. आणखी एक: आपल्या सावळ्या त्वचेवर गडद तीळ असला की फोन कधीकधी तो सरसकट काळा करून टाकतो. पडद्यावर तिळावर बोट टेकवा, उजेड थोडा वाढवा आणि दुसरा फोटो घ्या. मग पाहा, एकच तपकिरी आहे की तपकिरीत काळा, राखाडी-निळा, लाल किंवा पांढरा मिसळला आहे.

एवढं करून फोटो चांगला आला आणि तिळात काही वावगं दिसलं, तर त्याचा उपयोग आहे: डॉक्टरकडे जा. पण काही दिसलं नाही, तर ‘जाऊ नका’ असं त्यातून निघत नाही. काही मेलानोमा सहा मिलिमीटरपेक्षा लहान असतात. काहींत रंगच नसतो, ते गुलाबी पुटकुळीसारखे दिसतात. काही गोल, एकसारख्या रंगाचे आणि रेखीव कडेचे असून वेगाने खोल जातात. आणि आजाराचं गांभीर्य मुख्यतः ठरतं ते गाठ त्वचेत किती मिलिमीटर खोल गेली त्यावरून. ते पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली मोजतो. वरून काढलेल्या फोटोत खोली नसते.

तळपायाबद्दल वेगळं सांगायला हवं. मेलानोमा आपल्याकडे दुर्मीळ आहे, पण होतो तेव्हा तळपाय, तळहात आणि नखाखाली होण्याचं प्रमाण गोऱ्या लोकांपेक्षा बरंच जास्त असतं. तळपायाच्या त्वचेला बोटांच्या ठशांसारखे उंचवटे आणि चर असतात. निरुपद्रवी तिळात रंग बहुधा चरांमधून धावतो, मेलानोमात तो उंचवट्यांवर पसरतो. हा फरक एक मिलिमीटरच्याही आतला. तो पाहायला डर्मोस्कोप लागतो: दहापट मोठं दाखवणारं, स्वतःचा उजेड असलेलं भिंग. फोनच्या साध्या फोटोत चर आणि उंचवटा एकाच तपकिरी रंगात बुडून जातात.

मी त्या मुलाला लिहिलं, आईंना घेऊन या. कागदाच्या पट्टीने तीळ सव्वासहाच्या थोडा वर भरला. डर्मोस्कोपखाली बराचसा रंग चरांत होता, पण बोटांकडच्या कोपऱ्यात तो उंचवट्यांवर चढलेला. ‘हा किती दिवसांपासून आहे?’ विचारल्यावर बाई म्हणाल्या, ‘अगं, आहे की जुनाच. गेल्या वर्षी गणपतीत मात्र एवढा नव्हता.’ फोटोत हे वाक्यही नव्हतं.

पूर्ण तीळ भोवतीच्या थोड्या निरोगी त्वचेसकट काढून पॅथॉलॉजिस्टकडे पाठवला. मेलानोमाच निघाला, पण वरच्या थरातच थांबलेला. पुढे आणखी रुंद भाग काढावा लागला.

त्या येण्याआधी शेजारणीने त्यांना चुना आणि सोडा लावून तीळ जाळायला सांगितलं होतं. पार्लरमध्येही तीळ जाळून देतात. असं केलं की वरचा रंग जातो, खालच्या पेशी राहू शकतात आणि तपासायला तुकडाच उरत नाही. तीळ काढायचाच असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. केईएम, सायन, नायर या पालिका रुग्णालयांत त्वचारोगाची ओपीडी आहे. जाताना काढलेले फोटो तारखेसह न्या. तीळ रक्ताळत असेल, काही आठवड्यांत वाढला असेल किंवा नखाखालची काळी रेघ रुंदावत असेल, तर फोटो काढत बसू नका, सरळ ओपीडीत या.