काउंटर-स्ट्राइक २ मध्ये ४:३ चे चित्र पडदाभर ताणून कसे खेळावे

परभणीत माझा भाचा ज्या लॅपटॉपवर काउंटर-स्ट्राइक २ खेळतो, त्यावर त्याने मित्रांचे ऐकून रिझोल्यूशन १२८०×९६० केले. त्यानंतर पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या, चित्र धूसर झाले आणि फ्रेम मात्र अपेक्षेइतक्या वाढल्या नाहीत. या तिन्ही तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत, त्यामुळे सेटिंग बदलण्यापूर्वी ती वेगळी ओळखून घेणे सोयीचे ठरते.

पहिले काम मोजणीचे आहे. गेमच्या सेटिंगमध्ये Telemetry या भागात फ्रेमदराचे दर्शन सुरू करावे, पडद्याच्या मूळ रिझोल्यूशनवर, म्हणजे बहुधा १९२०×१०८० वर, एकच नकाशा बॉटसोबत दहा मिनिटे खेळावा, आणि मध्येच Ctrl+Shift+Esc दाबून टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डाचा वापर किती टक्के आहे हे पाहावे. तो ९५ टक्क्यांच्या वर टिकून असेल, तर कार्डावर ताण आहे आणि रिझोल्यूशन कमी केल्याचा लाभ होईल. तो साठ-सत्तर टक्क्यांवर असेल आणि गेममध्ये फ्रेमदरावर कोणतीही मर्यादा लावलेली नसेल, तर कार्ड प्रोसेसरची वाट पाहत बसले आहे, आणि पिक्सेल कितीही कमी केले तरी फ्रेमदर जवळपास तेवढाच राहील. पुष्कळ जण ही पायरी गाळतात आणि नंतर गेमला दोष देतात.

लाभ किती होईल याचा अंदाज साध्या गुणाकाराने येतो. १९२०×१०८० मध्ये सुमारे २० लाख ७४ हजार पिक्सेल असतात, १४४०×१०८० मध्ये १५ लाख ५५ हजार आणि १२८०×९६० मध्ये १२ लाख २९ हजार. म्हणजे दुसऱ्यात पाव भाग वाचतो आणि तिसऱ्यात ४१ टक्के. समजा, मूळ रिझोल्यूशनवर सेकंदाला ९० फ्रेम मिळतात, म्हणजे कार्डाला एका फ्रेमसाठी ११.१ मिलिसेकंद लागतात, आणि प्रोसेसरला तेच काम उरकायला ८ मिलिसेकंद पुरतात. १२८०×९६० वर कार्डाचा वेळ ६.६ मिलिसेकंदांपर्यंत उतरला, तर १५० फ्रेमची आशा वाटते. परंतु प्रोसेसर ८ मिलिसेकंदांखाली येत नसल्यामुळे गाडी १२५ वरच अडते. १४४०×१०८० वर कार्डाला ८.३ मिलिसेकंद लागतात आणि फ्रेमदर १२० होतो. प्रत्यक्षात कार्डाचे सगळेच काम पिक्सेलच्या प्रमाणात घटत नाही, त्यामुळे दोन्ही आकडे थोडे खालीच येतील, पण मुद्दा बदलत नाही: अशा यंत्रावर पाच फ्रेमसाठी चित्राची बरीच स्पष्टता द्यावी लागते. म्हणून सुरुवात १४४०×१०८० पासून करावी, असे माझे मत आहे.

धूसरपणाचे कारणही याच आकड्यांत आहे. १४४०×१०८० मध्ये उभ्या दिशेला पडद्याच्या एका ओळीला चित्राची एकच ओळ मिळते आणि ताण फक्त आडवा पडतो, तर १२८०×९६० मध्ये आडवे दीडपट आणि उभे १.१२५ पट ताणावे लागते. हे पूर्णांक नसल्यामुळे शेजारचे पिक्सेल एकमेकांत मिसळून कडा पुसट होतात. मूळ रिझोल्यूशनवर ३० पिक्सेल रुंद दिसणारा दूरचा शत्रू ताणल्यावर पडद्यावर ४० पिक्सेल रुंद दिसतो खरा, पण १२८०×९६० वर तो मुळात सुमारे २७ पिक्सेलांतच रेखाटलेला असतो. म्हणजे आकार वाढतो, तपशील वाढत नाही.

ताणण्याची दुसरी किंमत दृष्टिक्षेत्राची आहे. या गेममध्ये उभे दृष्टिक्षेत्र कायम राहते आणि आडवे पडद्याच्या प्रमाणानुसार बदलते: १६:९ वर ते सुमारे १०६ अंश असते आणि ४:३ वर ९० अंश. प्रत्येक बाजूचे आठ अंश त्यामुळे दिसेनासे होतात, आणि नेमबिंदूपासून ५० अंशांवर उभा असलेला शत्रू १६:९ वाल्याला कडेला दिसतो, ४:३ वाल्याला दिसतच नाही. शिवाय शत्रू एक तृतीयांशाने रुंद दिसतो, तसा तो आडवा धावतानाही पडद्यावर तेवढाच जास्त वेगाने सरकतो. माउस किती हलवल्यावर किती अंश वळते हे मात्र बदलत नाही, त्यामुळे पहिल्या दिवशी हात चुकतो म्हणून संवेदनशीलता बदलण्याची घाई करू नये.

आता मांडणी. गेमच्या Video सेटिंगमध्ये Display Mode ला Fullscreen निवडावे, कारण Fullscreen Windowed मध्ये डेस्कटॉपचेच रिझोल्यूशन चालते. Aspect Ratio मध्ये ४:३ निवडून मग १४४०×१०८० घ्यावे. ते यादीत नसेल तर ड्रायव्हरच्या पॅनलमधून सानुकूल रिझोल्यूशन तयार करावे लागते. FidelityFX Super Resolution बंद ठेवावे, नाहीतर गेम आतल्या आत आणखी लहान चित्र रेखाटतो आणि मोजणी फसते.

काळ्या पट्ट्या काढणे हे ड्रायव्हरचे काम आहे. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये Adjust desktop size and position येथे Full-screen निवडून स्केलिंग GPU वर करावे. एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये GPU Scaling सुरू करून Full panel निवडावे. भाच्याच्या लॅपटॉपवर एनव्हिडियाच्या पॅनलमध्ये हा विभागच नव्हता. अनेक लॅपटॉपमध्ये आतला पडदा इंटेलच्या ग्राफिक्सला जोडलेला असतो आणि एनव्हिडियाचे कार्ड तयार केलेली फ्रेम फक्त त्याच्याकडे सोपवते, म्हणून अशा ठिकाणी ताणण्याचा पर्याय इंटेलच्या ग्राफिक्स सॉफ्टवेअरमध्ये Scale या नावाखाली शोधावा लागतो. डेस्कटॉप मूळ रिझोल्यूशनवर असताना तो पर्याय आम्हाला दिसत नव्हता. डेस्कटॉप आधी ४:३ च्या रिझोल्यूशनवर नेल्यावर तो उघडला, आणि तेथे ताणणे निवडल्यावर पट्ट्या गेल्या.

वेगळा मॉनिटर असेल तर स्केलिंग नेमके कोण करत आहे हे मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत कळते. तेथे १९२०×१०८० दिसले तर कार्ड ताणत आहे, आणि १४४०×१०८० किंवा १२८०×९६० दिसले तर मॉनिटर. मॉनिटरवर सोडल्यास १४४ हर्ट्झचा पडदा त्या रिझोल्यूशनला ६० हर्ट्झवर उतरण्याची शक्यता असते. मग आकडा वाढूनही हालचाल अडखळत दिसते.

शेवटची गोष्ट आपल्याकडच्या उन्हाळ्याची. रिझोल्यूशन कमी केले म्हणून लॅपटॉप थंड राहत नाही, कारण मोकाट सोडलेला गेम वाचलेला वेळ जास्त फ्रेम काढण्यात घालवतो आणि प्रोसेसर उलट जास्त तापतो. मेच्या दुपारी पहिली दोन मिनिटे १२० दिसणारा आकडा दहाव्या मिनिटाला ९५ वर आला, तर तो दोष रिझोल्यूशनचा नसून उष्णतेमुळे घड्याळवेग कमी झाल्याचा असू शकतो, म्हणून मूळ आणि कमी रिझोल्यूशनच्या दोन्ही मोजण्या एकाच खोलीत, दिवसाच्या त्याच वेळेला आणि दहा मिनिटे खेळल्यानंतर घ्याव्यात. आम्ही कन्सोलमध्ये फ्रेमदराला पुढील मर्यादा घातली आणि भाच्याचा पंख्याच्या आवाजाचा त्रास कमी झाला.

```
fps_max 120
```