पाहुणे, आवाज आणि घरमालकाचे नियम: अकरा महिन्यांच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये या चुका टाळा

पुण्या-मुंबईत भाड्याच्या घरावरून होणारी बरीच भांडणं भाड्याच्या रकमेवरून होत नाहीत. रात्री कोण आलं, किती वाजता गेलं, वर टेबल कोण ओढतं, यावरून ती पेटतात. आणि दोन्ही बाजूंना आपला हक्क नेमका कुठे संपतो हे माहीत नसल्यामुळे चिघळतात.

एक उदाहरण घेऊ. कोथरूडच्या एका सोसायटीत दोन मैत्रिणी नोकरीसाठी राहतात. लिव्ह अँड लायसन्स अकरा महिन्यांचं, रीतसर नोंदवलेलं. महिना २६,००० रुपये, डिपॉझिट ७५,०००. दोन महिन्यांनी सेक्रेटरींनी मालकांना फोन केला की रात्री आवाज येतो. मालकांनी लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर यादी टाकली: रात्री ९ नंतर पाहुणे नकोत, पुरुष पाहुणे अजिबात नकोत, नियम मोडला तर दर वेळी २,००० रुपये डिपॉझिटमधून कापणार. पुढे एकीचा भाऊ परीक्षेसाठी साताऱ्याहून आला, चार रात्री राहिला. घर सोडताना डिपॉझिटमधून ८,००० कापले गेले.

पहिली चूक: व्हॉट्सअ‍ॅपच्या यादीला करार समजणं

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार हा करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदवलेला कागद पुढे पुरावा म्हणून उभा राहतो. त्यात जे आहे ते दोघांना बांधतं. घरात राहायला आल्यावर एकाने पाठवलेली यादी दुसऱ्याने मान्य केली नसेल, तर ती विनंती असते, अट नव्हे.

म्हणून यादीला ‘ओके’ किंवा अंगठा पाठवण्याआधी थांबा. सवयीने दिलेलं ते उत्तर पुढे ‘तुम्ही तेव्हा मान्य केलं होतं’ म्हणून दाखवलं जातं. त्यापेक्षा एवढं लिहा: “काका, आवाजाबद्दल आम्ही काळजी घेऊ. पाहुण्यांबद्दलच्या आणि दंडाच्या अटी आपल्या करारात नाहीत, त्यामुळे त्या आम्हाला मान्य नाहीत. करारातल्या सगळ्या अटी आम्ही पाळतो आहोत.” नातं बिघडत नाही आणि लेखी नोंद राहते.

मालकांनाही हेच सांगेन. पाहुण्यांबद्दल खरोखर काही हवं असेल तर ते करारात लिहा, आणि मोजता येईल असं लिहा. ‘सलग सात रात्रींपेक्षा जास्त राहणाऱ्या पाहुण्याची आगाऊ कल्पना द्यावी’ ही अट टिकण्यासारखी आहे. ‘गैरवर्तन करू नये’ या वाक्यातून ज्याला जे हवं ते निघतं, म्हणून प्रत्यक्षात काहीच निघत नाही.

दुसरी चूक: पाहुणा आणि पोटभाडेकरू एकच मानणं

जवळपास प्रत्येक करारात घर तिसऱ्याला वापरायला देऊ नये अशी अट असते. साताऱ्याच्या भावावर मालकांनी तीच लावली. पण त्याने भाडं दिलं नाही, खोलीवर हक्क सांगितला नाही, परीक्षा झाल्यावर तो निघून गेला. हा पाहुणाच. याउलट एखादी मैत्रीण तीन महिने राहते, भाड्यात वाटा देते, तिची पार्सलं त्याच पत्त्यावर येतात, तर मालकांची हरकत रास्त आहे. कारण घरात कोण राहतं याची माहिती पोलिसांना देण्याची जबाबदारी त्यांच्यावर येते. अशा वेळी लपवाछपवी न करता तिचं नाव करारात घालून घ्यावं.

पाहुणा पुरुष आहे की बाई, यावर सोसायटीने अडवणं हा वेगळा त्रास. गेटवर नाव-नंबर लिहून घेणं, रात्री गाडी कुठे लावायची ते ठरवणं, हे सोसायटीचं काम आहे. तुमच्या घरी कोणी यावं हे ठरवणं नाही. वॉचमनशी वाद घालू नका, तो सांगितलेलं काम करतो. सेक्रेटरींकडे लेखी विचारा: हा नियम कोणत्या उपविधीत आहे, आणि तो फ्लॅटच्या मालकांनाही लागू आहे का? फक्त भाडेकरूंसाठी केलेला तोंडी नियम या दोन प्रश्नांपुढे सहसा टिकत नाही.

तिसरी चूक: आवाजाची तक्रार मोघम ठेवणं

या प्रकरणात आवाजाची तक्रार खरी होती, हे विसरून चालणार नाही. कामावरून उशिरा आल्यावर मैत्रिणी रात्री साडेअकराला वॉशिंग मशीन लावत. पिळताना मशीन हादरे आणि ते हादरे स्लॅबमधून थेट खालच्या बेडरूममध्ये जात. हा आवाज वरच्या घरात फारसा जाणवत नाही, म्हणून ‘आम्ही तर गप्प बसलेलो असतो’ असं मनापासून सांगितलं जातं. तारीख, वेळ आणि आवाजाचा प्रकार विचारला असता तर उलगडा लगेच झाला असता. मशीनखाली रबरी पॅड आणि दहाच्या आत धुणं, एवढ्यावर विषय मिटण्यासारखा होता.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. मोठ्या आवाजात गाणी वाजत असतील तर शेजारी ११२ वर फोन करू शकतो, मग तो भाडेकरू असो वा मालक. पण रडणारं मूल, कुकरची शिट्टी, सकाळचं मिक्सर हे उपद्रवात धरून घर खाली करायला सांगणं बरोबर नाही.

चौथी चूक, सगळ्यात महागात पडणारी: मालकाने स्वतःच शिक्षा करणं

लिव्ह अँड लायसन्समध्ये घराचा कायदेशीर ताबा मालकाकडेच राहतो, हे खरं. त्यावरून काही मालक समजतात की आपण केव्हाही किल्ली लावून आत जाऊ शकतो. पण राहण्याची परवानगी त्यांनी पैसे घेऊन दिलेली असते. पाहणीची अट बहुतेक करारांत असते, ती आधी कळवून आणि सोयीच्या वेळी येण्याची असते. कुलूप बदलणं, पाणी किंवा वीज तोडणं, सामान बाहेर ठेवणं यातलं काहीही मालकाने हाताने करायचं नाही. तसं झालं तर फोटो काढा, पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, वकिलामार्फत दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागा.

खरोखर अट मोडली असेल तर मालकाचा रस्ता असा: कलमाचा उल्लेख करून, तारखा देऊन लेखी नोटीस, सुधारायला मुदत, आणि तरी फरक पडला नाही तर करारात दिलेल्या मुदतीची, बहुधा एक महिन्याची, रद्द करण्याची नोटीस. परवाना रद्द झाल्यावरही निघायला आणि सामान न्यायला वाजवी वेळ द्यावा लागतो, हे १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम ६३ मध्ये आहे. मुदत संपूनही कोणी निघालं नाही तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि तिथे महिन्याच्या ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट रकमेची मागणी होते. म्हणून भाडेकरूनेही ‘बघू काय करतात’ म्हणत मुदतीनंतर बसून राहू नये.

आता त्या ८,००० रुपयांकडे. दंडाची अट करारात नव्हती, त्यामुळे कापायला आधारच नव्हता. असती तरी करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा असते, आणि त्याच्या आत वाजवी भरपाईच मिळते. भाऊ चार रात्री राहिल्याने मालकांचं काय नुकसान झालं? थकलेलं भाडं, वीजबिल, फुटलेला बेसिन यांचे पैसे डिपॉझिटमधून जाणं योग्य, आणि तेही हिशेब दाखवून. मैत्रिणींनी ई-मेलवर तीन गोष्टी मागाव्यात: कपातीचा तपशील, करारातलं कलम आणि पंधरा दिवसांत उरलेली रक्कम. उत्तर आलं नाही तर वकिलाची नोटीस. घर सोडताना रिकाम्या खोल्यांचा व्हिडिओ, मीटरचं रीडिंग आणि किल्ल्या दिल्याची सहीची पोच हाताशी असेल तर ही नोटीस एका पानात होते.